दुरुस्तीमागचा नियम सांगणे (भाषाशिक्षण)

भाषा शिकणाऱ्याचं लिखाण तपासताना नुसतं चुकीचं खोडून बरोबर लिहून न देता तो बदल कुठल्या नियमामुळे केला हे प्रत्येक दुरुस्तीशेजारी एकदोन वाक्यांत लिहायचं, अशी ही पद्धत. शिकणाऱ्याला पुढचं वाक्य स्वतः जुळवता यावं हा हेतू, त्यामुळे टीप त्या एका वाक्यापुरती असून भागत नाही, आणि टीप लिहिणं अवघड जातं ते इथेच.

मराठी शिकणाऱ्यांची एक नेहमीची चूक घेऊ. एक मुलगा लिहितो, "काल मी लायब्ररीत गेलो आणि एक पुस्तक वाचलो." तपासणारा "वाचलो" खोडून "वाचलं" करतो. आता टीप नसेल तर मुलाला वाटणार की "गेलो" बरोबर आणि "वाचलो" चूक, म्हणजे ही क्रियापदं एकेक करून पाठच करायची. "कर्मणी प्रयोग" एवढंच लिहिलं तर नाव बरोबर आहे, पण ज्याला प्रयोग माहीत असतो तो बहुधा ही चूक करतच नाही. कामाची टीप साधारण अशी असते: "गेलो याला कर्म नाही, म्हणून शेवट तुझ्यावरून ठरला. वाचण्याला कर्म आहे, पुस्तक, म्हणून शेवट पुस्तकावरून: पुस्तक वाचलं, गोष्ट वाचली, लेख वाचला." यात त्यानेच बरोबर लिहिलेलं "गेलो" शेजारी ठेवलंय, कारण चूक तिथूनच आलीय, गेलो-आलोचा साचा त्याने पुढे ओढला. शिवाय "त्याने" किंवा "तिने" असतं तर "ने" दिसला असता, "मी" आणि "तू"ला तो लागतच नाही, म्हणून बदल कशामुळे झाला हे वाक्यात कुठे दिसत नाही.

पण कारण दरवेळी तेच असेल असं नाही. हिंदी बोलणारा "मी पुस्तक आणलो" लिहितो तेव्हा त्याला हा नियम बहुतेक माहीत असतो, "मैंने किताब पढ़ी" तो रोजच म्हणतो. त्याची गडबड वेगळी, हिंदीत "लाना"ला "ने" लागत नाही, "मैं किताब लाया" असंच म्हणतात आणि तेच त्याने मराठीत आणलं. त्याला पूर्ण नियम समजावत बसण्यात अर्थ नाही, "मराठीत आणणे हे वाचण्यासारखंच चालतं" एवढं पुरे.

आता नियम किती सांगायचा? वरची टीप वाचून तोच मुलगा पुढच्या वेळी "मी चावी विसरली" लिहितो, कर्म आहे आणि चावी स्त्रीलिंगी, म्हणजे त्याने टीप इमानदारीत पाळली आणि चुकला! विसरणे, शिकणे, बोलणे ही क्रियापदं कर्म असूनही बोलणाऱ्याप्रमाणेच चालतात: मी चावी विसरलो, मी मराठी शिकलो, मी खोटं बोललो. म्हणून पहिल्याच टिपेत "बहुतेक क्रियापदांत" हा शब्द हवा होता. पूर्ण यादी तेव्हा नको, अपवाद समोर आला की सांगावा. तसंच कर्माला "ला" लागला की शेवट नपुंसकलिंगी एकवचनी होतो, "मी तुझ्या बहिणीला पाहिलं". इथे "पाहिली" म्हणणारेही भेटतात, म्हणून टिपेत "प्रमाण मराठीत" असं घालावं, नाहीतर शिकणारा बाहेर वेगळं ऐकतो आणि टिपेवरचा विश्वास उडतो.

काही दुरुस्त्यांना नियमच नसतो. "मी त्याला प्रश्न मागितला" याचं "विचारला" केलं तर कारण एवढंच की प्रश्न विचारतात आणि पैसे मागतात. तिथे "नियम नाही, ही जोडी लक्षात ठेव" असं सरळ लिहावं. ओढूनताणून नियम बनवला तर तो पुढे दहा ठिकाणी चुकीचा लावला जातो. नियमाने सुटणाऱ्या आणि न सुटणाऱ्या चुका वेगळ्या धरायला हव्यात हा मुद्दा भाषाशिक्षणाच्या संशोधक डाना फेरिस यांनी 1999 मध्ये मांडला, तो याच क्षेत्रातले संशोधक जॉन ट्रस्कॉट यांच्या 1996 च्या लेखाला उत्तर देताना. लिखाणातलं व्याकरण सुधारून देणं बंदच करावं असं ट्रस्कॉट यांचं म्हणणं होतं आणि त्यावर बरेच वाद झाले.

टीप कळली का हे तपासायला तेच वाक्य परत लिहून घेणं निरुपयोगी, तिथे नुसती नक्कल होते. नवी क्रियापदं आणि वेगवेगळ्या लिंगांची कर्मं द्यावीत, "मी ... (चित्र, काढणे)" आणि "मी ... (चिठ्ठी, लिहिणे)". "काढलं" आणि "लिहिली" आलं तर नियम पोचला. दोन्हीकडे "-लं" आलं तर त्याने टिपेतला नियम न घेता फक्त "वाचलं"चा शेवट उचललाय, मग दुसरी टीप लिंगापासून सुरू करायची.