लग्नाच्या मेंदीचं पॅकेज कसं बांधावं: डिझाइनचा दर, पाहुण्यांचे हात आणि पुण्याबाहेरचा प्रवास

मेंदी पावडर, तेल आणि कोनाचा कागद आमच्याकडून नेणाऱ्या मेंदी कलाकार ताईंसाठी

सीझन संपल्यावर अनेक ताई एकच गोष्ट सांगतात: कामं भरपूर झाली, पण हातात काही राहिलं नाही. हिशेब मांडून बसलं की बहुतेक वेळा गळती तीनच ठिकाणी सापडते. नवरीच्या डिझाइनचा दर फोटो बघून अंदाजाने सांगितलेला असतो, पाहुण्यांचा आकडा तोंडी घेतलेला असतो आणि प्रवासासाठी ‘पेट्रोलचे द्या’ एवढंच ठरलेलं असतं. या पत्रकात एकच काम शेवटपर्यंत मांडलं आहे: पुण्यातून वाईला जाऊन करायची लग्नाची मेंदी. दर उदाहरणापुरते आहेत, तिथे तुम्ही तुमचे घाला. पद्धत मात्र तीच ठेवा.

डिझाइनचा दर: फोटोवर नको, चौकोनावर

‘कोपरापर्यंत भरलेली’ एवढ्यावरून दर सांगता येत नाही. मोकळ्या बेलीची कोपरापर्यंतची मेंदी आणि बारीक भरणीची मनगटापर्यंतची मेंदी यांना जवळपास सारखाच वेळ लागू शकतो. तुम्ही विकता तो वेळ, म्हणून आधी स्वतःचा वेळ मोजा.

सरावाच्या शीटवर ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटरचे तीन चौकोन आखा. पहिल्यात मोकळी बेल काढा, दुसऱ्यात जाळी, तिसऱ्यात बारीक भरणी. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि नेहमीच्याच वेगाने काढा, घाई करू नका. समजा बेलीला २ मिनिटं, जाळीला ५ आणि भरणीला ७ मिनिटं लागली. नवरीच्या हातावर हे तिन्ही प्रकार मिसळून येतात, तेव्हा सरासरी चौकोनाला साडेचार मिनिटं धरू.

मध्यम बांध्याचा एक हात, दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत, साधारण ३० चौकोनांचा होतो. दोन हातांचे ६० चौकोन, म्हणजे २७० मिनिटं, साडेचार तास. घोट्याच्या वरपर्यंतच्या दोन पावलांचे २० चौकोन धरले तर आणखी दीड तास. नवरा-नवरीची चित्रं चौकोनात मोजू नका. चेहरा, मुंडावळ्या, नथ या सगळ्याला रेषा थांबून थांबून काढावी लागते आणि चूक झाली तर पुसायला जागा नसते. एका आकृतीला ४० मिनिटं वेगळी लावा. दोन आकृत्यांसह नवरीचं काम ७ तास २० मिनिटांचं झालं. तुमचा तासाचा दर ९०० रुपये असेल तर ६,६०० रुपये.

याचा मोठा फायदा घासाघीस सुरू झाली की कळतो. ‘जरा कमी करा ना’ म्हटल्यावर दर कमी करायचा नाही, चौकोन कमी करायचे. ‘काकू, मागच्या बाजूला भरणीऐवजी मोकळी बेल घेतली तर दीड तास वाचेल, तेवढे पैसे कमी होतील,’ असं सांगता येतं. आपण काय सोडतोय ते समोरच्याला दिसतं आणि तुमचा दर जागेवर राहतो.

एक सावधगिरी. ग्राहकाने पाठवलेला फोटो बहुतेक वेळा जवळून घेतलेला असतो, त्यामुळे रेषा प्रत्यक्षापेक्षा जाड वाटतात. फोटोतल्या नखाच्या रुंदीत किती रेषा मावतात ते मोजून बघा. तिथे सहा-सात रेषा दिसल्या तर ती बारीक टोकाच्या कोनाची मेंदी आहे आणि तुमचा भरणीचा वेळ त्यावर दीडपट लावायला हवा.

पाहुण्यांसाठी माणशी दर नको, टोकन आणि तास ठरवा

वाईच्या यजमानांनी ‘चाळीस बायका असतील’ असं सांगितलं आहे. दोन्ही हात, एकाच बाजूला बेल, म्हणजे ८० हात. एका हाताला ७ मिनिटं, शिवाय उठणं-बसणं, बाही वर करणं, ‘मला तिच्यासारखीच काढ’ यात ३ मिनिटं जातात. हिशेबाने तासाला ६ हात होतात, पण चहा, जेवण आणि पाठ सरळ करायचा वेळ धरला तर तासाला ५ हातच खरे.

चार मदतनीस नेल्या तर ८० हात ४ तासांत होतात. पण चार मदतनीस आणि तुम्ही असे पाच जण साध्या गाडीत बसत नाहीत, मोठी गाडी करावी लागते. तीन मदतनीस नेल्या तर चौघी एका गाडीत मावता आणि काम ५ तास २० मिनिटांत उरकतं. नवरीला तसेही सात तासांच्या वर लागणारच आहेत, त्यामुळे इथे तिघीच परवडतात. तिघींचे मिळून १६ तास, मदतनिसीचा तासाचा दर ५०० रुपये धरला तर ८,००० रुपये.

आता चाळीसच्या जागी बासष्ट आल्या तर? २२ बायकांचे ४४ हात वाढले आणि तिघींना मिळून जवळजवळ तीन तास जास्त लागले. रात्री आठला आटपणारं काम अकराला जातं. माणशी पैसे मिळाले तरी परतीची वेळ, गाडीचे जादा तास आणि मुलींच्या घरी होणारी काळजी कुणी भरून देत नाही. म्हणून ४० टोकनं छापून ती नवरीच्या एखाद्या मावशीच्या किंवा आत्याच्या हातात द्या. कुणाला द्यायची ते त्या ठरवतील. टोकनं संपल्यावर वेळ उरली तर एका हाताला छोटी बेल काढून द्या, मात्र ठरलेल्या वेळेनंतर नवीन हात घेऊ नका. हे आधीच सांगितलेलं असेल तर कुणी रागावत नाही. ऐनवेळी सांगितलं की रागावतात.

प्रवास: किलोमीटर, मुक्काम आणि घाट

पुण्याहून वाई साधारण ९० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १८०. तेवढ्याचेच पैसे मागितले तर तिथेच फसाल. बाहेरगावच्या भाड्याच्या गाडीला बहुतेक ठिकाणी दिवसाचे किमान किलोमीटर लागतात. तुमचा गाडीवाला ३०० किलोमीटर लावत असेल तर १३ रुपयांनी ३,९०० होतात, ड्रायव्हरचा भत्ता ४०० वेगळा आणि खेड शिवापूरचा टोल पावतीप्रमाणे. गाडीवाल्याकडून हे आधी लेखी घ्या आणि यजमानांना तसाच आकडा कळवा.

प्रवासाचा वेळही कामाचाच वेळ आहे. एका बाजूला अडीच तास धरा. शनिवार-रविवारी खंबाटकीच्या घाटात अडकलात तर तेवढे लागतातच. दोन्ही बाजूंचे पाच तास अर्ध्या दराने लावा: तुमचे २,२५० आणि तीन मदतनिसींचे मिळून ३,७५०.

यजमान ‘आम्ही गाडी पाठवतो’ म्हणाले तर आनंदाने घ्या, फक्त परतीची गाडी त्याच ड्रायव्हरची आणि रात्रभर हजर राहणारी आहे ना, ते विचारा. सकाळी आणायला आलेली गाडी संध्याकाळी पाहुण्यांना स्टेशनवर सोडायला निघून गेलेली असते. रात्री नऊनंतर निघावं लागणार असेल तर आतून कडी लागणारी स्वतंत्र खोली आणि मुक्काम हे पॅकेजमध्येच लिहा.

सगळं मिळून

नवरी ६,६००, पाहुणे ८,०००, प्रवासाचा वेळ ६,०००, गाडी आणि भत्ता ४,३००, कोन ७५०. एकूण २५,६५० रुपये, टोल वेगळा. यातले मदतनिसींना प्रत्येकी २,००० प्रमाणे ६,०००, गाडीला ४,३०० आणि सामानाला ७५० जातात. तुमच्याकडे १४,६०० उरतात. सकाळी आठला निघून रात्री अकराच्या सुमारास परतायचं आणि आदल्या दिवशी कोन भरायचे, या सगळ्याचे ते पैसे आहेत. हेच काम ‘नवरीचे ६,०००, हाताला १०० रुपये आणि पेट्रोलचे २,०००’ असं सांगून घेतलं असतं तर १६,००० मिळाले असते आणि खर्च वजा जाता पाच हजारही उरले नसते.

ऍडव्हान्स ४० टक्के, म्हणजे सुमारे १०,२६० घ्या. कार्यक्रम रद्द झाला तरी गाडी आणि मदतनिसींचे १०,३०० तुमच्या अंगावर येऊ शकतात, म्हणून हा आकडा. यजमानांनाही हेच कारण सांगा, त्यांना ते पटतं.

तारीख ठरवताना विचारायचे दोन प्रश्न

चुडा कधी भरणार? चुडा आधी भरला असेल तर बांगड्या कोपराकडे सरकवून धराव्या लागतात, मनगटावरचा भाग नीट काढता येत नाही आणि ओल्या मेंदीवर बांगडी घासून डिझाइन पुसतं. मेंदी आधी आणि चुडा दुसऱ्या दिवशी, असं सुचवा. मधे किमान १२ तास जाऊ द्या, कारण बांगड्या चढवायला कासार साबणाचं पाणी किंवा तेल लावतात आणि ताज्या रंगाला पाणी चालत नाही.

हळद कधी? हळदीचा तेलकट हात मेंदी ओढून घेत नाही. मेंदी आधी, हळद नंतर. लग्न शनिवारी असेल तर मेंदी गुरुवारी ठेवा. सुकलेली मेंदी काढल्यावर रंग नारिंगी दिसतो आणि पुढच्या ४८ तासांत गडद होतो. वॅक्सिंग असेल तर तेही मेंदीच्या आधीच उरकायला सांगा.

या कामासाठी किती माल लागेल

नवरीला ८ कोन, ८० हातांना १८ आणि राखीव ४, असे २५ ग्रॅमचे ३० कोन. त्यासाठी २०० ग्रॅम पावडर, ५० ग्रॅम साखर, ५० मिली नीलगिरी तेल आणि सुमारे अर्धा लिटर पाणी. पाणी एकदम ओतू नका, शेवटचं थोडं थोडं घाला. पुण्याच्या एप्रिलमध्ये हा लगदा ६ ते ८ तासांत रंग सोडतो, डिसेंबरच्या रात्री १२ तासांहून जास्त लागतात. तळहातावर थेंब ठेवून दहा मिनिटांनी पुसा. नारिंगी डाग दिसला तर कोन भरा, नाहीतर थांबा. भरलेले कोन लगेच फ्रीजरमध्ये टाका आणि वाईला नेताना बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या डब्यात न्या. डबा डिकीत नको, पायाशी ठेवा. दुपारच्या तापलेल्या डिकीत कोन तीन-चार तास राहिले तर मेंदी दिसायला तशीच दिसते, पण रंग फिका येतो आणि ते दुसऱ्या दिवशी नवरीच्या हातावरच कळतं.