बाटलीवरचं 42.8 आलं कुठून?

मागच्या रविवारी इंदूरला काकांनी कपाटातून स्कॉच काढली, 12 वर्षांची, वीस वर्षांपूर्वी कुणीतरी दुबईहून आणलेली, आणि म्हणाले आता ही 32 ची झाली बरं का. नाही हो काका. वय मोजतात ते ओकच्या पिंपातलं, लाकडातून रंग आणि वास उतरतो तेवढंच, काचेत भरली की वय थांबलं. आणि 12 म्हणजे आतली सगळ्यात कोवळी व्हिस्की 12 ची, बाकीची 18 ची पण असू शकते. सिंगल माल्ट म्हणजे एकाच पिंपातली असंही नाही, एकाच डिस्टिलरीतली आणि फक्त माल्ट केलेल्या बार्लीची, मग शंभर पिंपं एकत्र केली तरी चालतं. ब्लेंडेड स्कॉचमध्ये दुसऱ्या धान्याची व्हिस्कीसुद्धा मिसळतात.

पण मला खरी मजा वाटते ती देशी बाटलीवरच्या 42.8% v/v ची. सरळ 40 किंवा 45 का नाही? तर जवळच बारीक अक्षरात 75° proof किंवा 25 U.P. लिहिलेलं सापडतं बघा, तिथे उत्तर आहे. पूर्वी इंग्लंडात म्हणे दारूत भिजवलेली बंदुकीची दारू पेटवून बघायचे, पेटली तर माल अस्सल, फुसकी निघाली तर पाणी जास्त. पण असल्या परीक्षेवर कर कसा लावणार, म्हणून पुढे वजनावर आले. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे जितकं अल्कोहोल जास्त तितकी त्यात तरंगणारी हायड्रोमीटरची नळी खोल बुडते. कायद्यात ठरलं की 51 अंश फॅरनहाइटला जी दारू तेवढ्याच मापाच्या पाण्याच्या 12/13 वजनाची भरेल ती 100 प्रूफ. आजच्या हिशोबात ते 57.1 टक्के येतं. आता 57.1 चे 75 टक्के काढा, 42.8! 25 U.P. म्हणजे प्रूफच्या 25 खाली. इंग्रज गेले, त्यांचं माप एक्साइजवाल्यांकडे राहिलं.

तर v/v म्हणजे 100 मिली दारूत 42.8 मिली अल्कोहोल, 60 च्या पेगमध्ये साधारण 25.7. रमवर पण बहुतेक हाच आकडा असतो, त्यामुळे "रम जास्त कडक" हे आकड्यात बसत नाही, आणि काळा रंग बऱ्याचदा कॅरमेलचा असतो, वयाचा नाही. थंडीत रम अंग गरम करते हेही खोटं, कातडीकडे रक्त धावतं म्हणून ऊब वाटते, आतली उष्णता उलट बाहेर जाते.

आमचा बंड्या मात्र "मी फक्त बियर घेतो" म्हणून निवांत बसलेला. 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग, म्हणजे 52 मिली अल्कोहोल, काकांच्या दोन मोठ्या पेगांएवढं. आणि तो दुसरी बाटली उघडत होता.