क्रयशक्ती समानता

दोन देशांत सारख्याच वस्तू-सेवा विकत घ्यायला किती चलन लागते, यावरून त्या चलनांचे जे गुणोत्तर निघते त्याला क्रयशक्ती समानतेचा दर म्हणतात. ही संज्ञा स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुस्ताव कॅसल यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रूढ केली. बाजारातला विनिमय दर आणि हा दर सहसा जुळत नाहीत. २०१७ मध्ये बाजारात एका डॉलरला सरासरी ६५.१२ रुपये पडत होते. पण अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू-सेवा भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होत्या. म्हणजे त्या वर्षी महिना ५०,००० रुपये पगार बाजारभावाने सुमारे ७६८ डॉलर होई, क्रयशक्तीने मात्र सुमारे २,४२१ डॉलर.

ही तफावत कुठून येते, हे केस कापण्याच्या दरावरून नेमके कळते. पुण्यातला आणि न्यूयॉर्कमधला कारागीर एका डोक्याला साधारण तेवढाच वेळ देतो. पण न्यूयॉर्कमधल्या कारागिराला कमी पैसे मिळाले, तर तो जास्त पगाराच्या दुसऱ्या नोकरीकडे वळेल. तिथल्या कारखान्यांत आणि कंपन्यांत प्रत्येक कामगारामागे उत्पादन खूप जास्त असल्याने पगार चढे असतात आणि तेच सलूनमधली मजुरीही वर ओढतात. पुण्यातला कारागीर स्वस्तात केस कापतो म्हणून न्यूयॉर्कमधल्या कारागिराचे गिऱ्हाईक कमी करू शकत नाही, कारण ही सेवा जहाजाने पाठवता येत नाही. घरभाडे, शिकवणी, घरकाम, रिक्षाप्रवास यांचेही तसेच. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे हे स्पष्टीकरण मांडले. याउलट खनिज तेल किंवा मोबाइल यांचा व्यापार जगभर चालतो, म्हणून त्यांच्या किमतीत फरक राहतो तो मुख्यतः कर, वाहतूक आणि दुकानदाराच्या खर्चाचा.

म्हणूनच वरचे २,४२१ डॉलर जपून वापरावेत. ते घरखर्चाच्या तुलनेला ठीक आहेत. आयात यंत्र, परदेशी शिक्षणाचे शुल्क किंवा डॉलरमधले कर्ज मात्र बाजारभावानेच फेडावे लागते. शिवाय २०.६५ ही संपूर्ण देशाची सरासरी आहे. मुंबईत भाडे भरणाऱ्याला ती फसवी वाटेल आणि ते रास्तच आहे.

हे दर जागतिक बँकेच्या समन्वयाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमातून निघतात. त्यात सर्वांत अवघड काम किमती टिपण्याचे नसून वस्तू खरोखर सारखी आहे ना, हे ठरवण्याचे असते. एका देशातला सुटा, जाडा तांदूळ दुसऱ्या देशातल्या पाकीटबंद बासमतीसमोर ठेवला, तर पहिला देश आहे त्याहून स्वस्त भासतो. किमती कुठून घेतल्या यानेही चित्र पालटते. २००५ च्या फेरीत चीनमधल्या किमती अकरा शहरांतून गोळा झाल्या होत्या. त्या फेरीचे आकडे आल्यावर चीनची अर्थव्यवस्था क्रयशक्तीने आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्के लहान निघाली. शहरी दर ग्रामीण दरांहून चढे असल्याने यातला काही भाग नमुन्याचा दोष असावा, असा आक्षेप अनेक अभ्यासकांनी घेतला.