वृत्तचितीवर अर्धगोल: गुरुत्वमध्याचा खुलासा

“वृत्तचितीवर अर्धगोल बसवला असेल, तर दोन्ही भागांच्या गुरुत्वमध्यांच्या उंचीची सरासरी काढा, उत्तर मिळते.”

मुंबईतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये परीक्षेच्या तोंडावर फिरणारा हा नियम फक्त दोन्ही भागांचे घनफळ समान असतानाच, म्हणजे वृत्तचितीची उंची त्रिज्येच्या दोन तृतीयांश असतानाच लागू पडतो. अशा एखाद्या उदाहरणात उत्तर जुळले की नियमावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे.

त्रिज्या ६ सेंमी आणि वृत्तचितीची उंची १० सेंमी घेऊ. वृत्तचितीचे घनफळ ३६०π घनसेंमी आणि तिचा गुरुत्वमध्य तळापासून ५ सेंमीवर आहे. अर्धगोलाचे घनफळ १४४π आहे. भरीव अर्धगोलाचा गुरुत्वमध्य त्याच्या सपाट पृष्ठापासून त्रिज्येच्या तीन अष्टमांशावर, म्हणजे २.२५ सेंमीवर असल्याने तळापासून तो १२.२५ सेंमीवर येतो. (पोकळ कवचासाठी हे अंतर त्रिज्येच्या निम्मे असते, येथे गफलत फार होते.) आता प्रत्येक उंचीला तिच्या घनफळाने गुणून बेरीज एकूण घनफळाने भागावी:

(३६० × ५ + १४४ × १२.२५) ÷ ५०४ ≈ ७.०७ सेंमी

साधी सरासरी मात्र ८.६२५ सेंमी येते, कारण ती अडीचपट मोठ्या वृत्तचितीला अर्धगोलाइतकेच वजन देते.

पडताळणीसाठी लाकूड कातणाऱ्या कारागिराकडून याच मापांचा एकसंध लाकडी नमुना करून घ्यावा आणि तो पट्टीच्या धारेवर आडवा तोलावा. सपाट तळापासून सुमारे ७ सेंमीवर तो स्थिरावेल, ८.६ सेंमीवर ठेवल्यास तळाकडची बाजू खाली जाईल.