उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्याचे संदर्भपत्र

नैराश्याच्या रुग्णाला औषधे देऊनही उतार पडत नाही, तेव्हा जनरल प्रॅक्टिशनर त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना सोबत जे पत्र देतो, ते संदर्भपत्र. बोलीभाषेत त्याला ‘रेफरल’ किंवा नुसती ‘चिठ्ठी’ म्हणतात. चिठ्ठी हा शब्द फसवा आहे, कारण ‘नैराश्य, औषधांनी फरक नाही, कृपया पाहावे’ एवढ्या मजकुरावर तज्ज्ञाला पुढचे पाऊल ठरवता येत नाही. पत्रात नेमके काय हवे, हे ‘दाद न देणारे’ या शब्दांच्या अर्थावर अवलंबून असते.

प्रचलित व्याख्येनुसार, नैराश्याच्या एकाच झटक्यात किमान दोन नैराश्यरोधक औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ घेऊनही समाधानकारक सुधारणा झाली नाही, तर ते नैराश्य उपचारांना दाद न देणारे मानतात. पुरेसा काळ म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे. व्याख्येचा सगळा भार ‘पुरेसे’ या शब्दावर आहे. सर्ट्रॅलिनची सुरुवातीची मात्रा रोज ५० मिलिग्रॅम असते आणि गरजेप्रमाणे ती २०० पर्यंत नेता येते. ५० वर तीन आठवडे राहून ते बंद केले, तर औषध हरले असे म्हणता येत नाही. त्याची परीक्षाच झालेली नसते. अशा स्थितीला आभासी प्रतिरोध म्हणतात. मात्रा कमी पडणे, गोळ्या चुकणे, मुळात निदानच वेगळे असणे, थायरॉइडचा विकार, दारू, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार अशी त्याची नेहमीची कारणे आहेत. चांगले पत्र ही कारणे तपासून झाल्यावर लिहिले जाते. पुष्कळदा पत्र लिहायला बसल्यावरच ती तपासली जातात, आणि तेही वाईट नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. रुग्ण ५१ वर्षांची स्त्री. चौदा महिन्यांपासून उदास, पहाटे चारला जाग, कामावरून दीर्घ रजा. डॉक्टरांच्या पहिल्या मसुद्यात ‘तीन औषधे निष्फळ’ असे होते. मग त्यांनी जुने प्रिस्क्रिप्शन काढून पाहिले आणि रुग्णाला घरातले औषधांचे डबे आणायला सांगितले. चित्र बदलले. सर्ट्रॅलिन ५० मिलिग्रॅम तीनच आठवडे घेतले होते, मळमळीमुळे निम्म्या दिवशी तेही नाही. हा प्रयत्न मोजता येत नाही. त्यानंतर एस्सिटॅलोप्रॅम, आधी १० आणि मग २० मिलिग्रॅम, २० वर आठ आठवडे नियमित. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत तेव्हा गुण १९ वरून १६ वर आले. (ही प्रश्नावली २७ गुणांची असते, २० आणि त्यापुढचे गुण म्हणजे तीव्र नैराश्य.) नंतर व्हेन्लाफॅक्सिन, ७५ वरून १५० मिलिग्रॅम, १५० वर सात आठवडे. गुण १७, आणि रक्तदाब १३० वरून १५० च्या घरात. दाखवण्यासारखे प्रयत्न म्हणजे दोनच. व्याख्या तरीही लागू होते, पण आता ती पुराव्यानिशी.

पत्राचा गाभा हाच: प्रत्येक औषधाचे नाव, पोहोचलेली सर्वांत मोठी मात्रा, त्या मात्रेवरचे आठवडे, घेण्यातला नियमितपणा, किती फरक पडला आणि ते का थांबवले. शेवटची गोष्ट सर्वाधिक वेळा गळते. ‘फरक पडला नाही’ आणि ‘सहन झाले नाही’ ही दोन वेगळी कारणे आहेत. सहन न झालेले औषध तज्ज्ञ कमी मात्रेतून हळूहळू वाढवून पुन्हा देऊ शकतो. पूर्ण मात्रेत निष्फळ ठरलेल्या औषधाकडे परतण्यात सहसा अर्थ नसतो. मानसोपचार, म्हणजे बोलण्यातून होणारे उपचार, झाले असतील तर कोणत्या पद्धतीचे आणि किती सत्रे, हेही याच यादीत यायला हवे. ‘समुपदेशन केले’ एवढ्यावरून काहीच कळत नाही.

या काटेकोरपणाचे कारण स्टार-डी या मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसते. त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचारांच्या पहिल्या टप्प्यावर लक्षणे जवळजवळ पूर्ण जाण्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्के, दुसऱ्यावर सुमारे ३१, तिसऱ्यावर १४ आणि चौथ्यावर १३ टक्के होते. हे आकडे कसे मोजले यावर नंतर टीका झाली आहे. मात्र दुसऱ्या प्रयत्नानंतर यश झपाट्याने घटते, हे त्यातून स्पष्ट दिसते. म्हणून रुग्ण दुसऱ्या पायरीवर आहे की तिसऱ्या, हे तज्ज्ञाला पत्रातूनच कळले पाहिजे.

उदाहरणातील डॉक्टरांनी नवऱ्याला वेगळा प्रश्न विचारला: पूर्वी कधी याच्या अगदी उलट दिवस होते का? तेव्हा कळले, की अडतिसाव्या वर्षी सुमारे आठवडाभर ती रोज तीन तास झोपूनही उत्साहात होती, अखंड बोलत होती आणि पैसे उधळत होती. रुग्णाने हे कधी सांगितले नव्हते, कारण तिच्या लेखी तो चांगला काळ होता. एवढ्यावरून द्विध्रुवी विकाराचे, म्हणजे नैराश्य आणि अति-उत्साहाचा उन्माद आलटूनपालटून येणाऱ्या आजाराचे, निदान होत नाही. पण पत्रातली सर्वांत मौल्यवान ओळ हीच ठरू शकते. द्विध्रुवी नैराश्यात नुसती नैराश्यरोधके अनेकदा अपुरी पडतात, काही वेळा उन्मादाकडेही ढकलतात.

मध्यमवयीन रुग्णाला इतर आजारांच्या गोळ्या चालू असतात आणि त्यावर पुढचे पर्याय अडतात. या रुग्णाला रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू होते, शिवाय गुडघेदुखीवर ती स्वतःहून आयब्युप्रोफेन घेई. तज्ज्ञ चालू नैराश्यरोधकाला जोड म्हणून लिथियम या औषधाचा विचार करील, तर ही दोन्ही औषधे रक्तातली लिथियमची पातळी वाढवू शकतात. म्हणून त्यांची नावे आणि मूत्रपिंड व थायरॉइडच्या तपासण्यांचे आकडे पत्रात हवेत. ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे शब्द पुरत नाहीत. पाळी अनियमित झाली आहे का, घोरणे आहे का, आठवड्याला किती दारू, हे प्रश्न या वयात टाळून चालत नाहीत.

आत्महत्येच्या विचारांविषयी पत्रात उघड आणि तारखेसह लिहावे: विचार आहेत का, योजना आहे का, पूर्वी प्रयत्न झाला होता का, घरात साधन हाताशी आहे का. ‘सध्या धोका नाही’ हे विधान कोणत्या दिवशीच्या बोलण्यावर आधारलेले आहे, ते कळले पाहिजे. योजना ठरलेली असेल तर पत्राचा मार्गच चुकीचा. तेव्हा त्याच दिवशी फोन करून रुग्णाला तातडीच्या सेवेत पोहोचवावे लागते.

पत्राच्या शेवटी नेमका प्रश्न असावा. इथे तो असा होता: ‘अडतिसाव्या वर्षीची घटना पाहता निदानाचा फेरविचार हवा का? नसल्यास औषध बदलावे की जोड द्यावी?’ त्याखाली मधल्या काळाची व्यवस्था: भेट होईपर्यंत व्हेन्लाफॅक्सिन तसेच चालू, रक्तदाबाची नोंद दर आठवड्याला, प्रिस्क्रिप्शन जनरल प्रॅक्टिशनरच लिहील. ही ओळ राहिली की दोन्ही डॉक्टरांना वाटते, दुसरा पाहतो आहे. गोळ्या संपतात आणि औषध एकदम बंद पडते. व्हेन्लाफॅक्सिन अचानक थांबले, तर एकदोन दिवसांतच गरगर, मळमळ, चिडचिड आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखी संवेदना होऊ शकते. त्या अवस्थेत तज्ज्ञासमोर बसलेल्या रुग्णाचा आजार खरोखर बळावला आहे की ही औषध तुटल्याची लक्षणे आहेत, हे पहिल्या भेटीत सांगणे अवघड जाते.