दोन गोळ्यांनी मिळतो एकच तास

अशोक चौकाकडे यंत्रमागावर काम करणारे आमच्या गल्लीतले एक मामा आहेत. दातातून पू झाला म्हणून डॉक्टरांनी त्यांना ‘६२५’ची गोळी दिली, दिवसातून तीनदा. चार दिवस झाले तरी गाल सुजलेलाच. मी औषधशास्त्र शिकवतो हे त्यांना माहीत आहे, म्हणून रिकामं पाकीट दाखवायला आले.

“दुपारची राहती ओ सर. माग सोडून कुठं येणार? मग रात्री दोन एकदम घेतो. दिवसाच्या तीन झाल्या, हिशेब तोच की.”

हिशेब तोच नाही. पण का नाही, हे सांगायला मला त्यांच्याच अंगणातल्या पिंपाचा आधार घ्यावा लागला. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, त्यामुळे पिंप कसं रिकामं होतं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. तळाला भोक असलेलं पिंप काठोकाठ भरलं तर पाणी जोरात जातं, खाली उतरत गेलं की धार बारीक होते. रक्तातली बहुतेक औषधं अशीच उतरतात. जेवढं जास्त तेवढं वेगानं, आणि ठरावीक वेळात निम्मं.

मामांच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असतं, उरलेलं १२५ क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल. अमॉक्सिसिलिन निम्मं व्हायला साधारण एक तास लागतो. गोळी घेतल्यावर तास-दीड तासात रक्तात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम होतं. मग तासातासाला ४, २, १. आता समजा, जंतूची वाढ थांबवायला किमान १ मिलिग्रॅम लागतं. प्रयोगशाळा जंतूची तपासणी करून हा आकडा काढते. त्याला आपण रेष म्हणू. म्हणजे एका गोळीनं चढतानाचा आणि उतरतानाचा वेळ धरून साडेचार तास मिळाले. दोन गोळ्या एकदम घेतल्या तर शिखर १६ वर जाईल. १६ चे ८ व्हायला एक तास, पुढे पहिल्यासारखंच. दुसऱ्या अख्ख्या गोळीची कमाई एवढीच: एक तास.

वेळेवर तीन गोळ्या घेतल्या तर २४ पैकी साडेतेरा तास औषध रेषेच्या वर राहतं. मामांच्या पद्धतीनं सकाळचे साडेचार आणि रात्रीचे साडेपाच, मिळून दहा. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांना दिवसाचा साधारण ४० ते ५० टक्के वेळ रेषेच्या वर राहावं लागतं. दहा तास म्हणजे ४२ टक्के, अगदी काठावर. शिवाय सकाळच्या गोळीनंतर साडेअकरा तास जंतूंना मोकळं रान. वेळेवर घेतलं असतं तर ही फट साडेतीन तासांची राहिली असती.

पण रेषेच्या वर १६ असलं काय आणि ४ असलं काय, फरक का पडत नाही? कारण हे औषध जंतूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमांना जाऊन चिकटतं. गवंड्यांचे हात बांधून ठेवावेत तसं. सगळे हात बांधून झाले की आणखी दोर आणून उपयोग नाही. रेषेच्या चार-पाच पटींपुढे जंतू मरण्याचा वेग जवळजवळ वाढतच नाही. आणि भिंतीचं काम चालू असतानाच जंतू मरतो, म्हणून औषधाला थांबून राहावं लागतं. हॅरी ईगल यांनी १९५०च्या सुमारास प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं: पेनिसिलिनचा गुण एकूण मात्रेपेक्षा ते किती वेळ टिकतं यावर ठरतो.

रेष मात्र प्रत्येक जंतूची वेगळी. घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूची रेष इतकी खाली असते की ८ वरून तिथं उतरायला आठ-नऊ तास लागतात. म्हणून त्याला हेच अमॉक्सिसिलिन दिवसातून दोनदा, कधी मोठ्या मात्रेत एकदाही पुरतं. शेजाऱ्याला दोनदाच दिली आणि मला तीनदा का, या प्रश्नाचं एक उत्तर इथं आहे. दुसरं उत्तर, औषधच वेगळं. सेफ्ट्रायक्झोन त्याच पद्धतीनं मारतं, पण निम्मं व्हायला सुमारे आठ तास घेतं, म्हणून त्याचं इंजेक्शन रोज एकदा चालतं.

आता याच्या अगदी उलट चालणारं औषध घेऊ: अ‍ॅमिकासिन. मूत्रमार्गाच्या गंभीर संसर्गात ते शिरेतून देतात. ६० किलोच्या माणसाला किलोमागे १५ प्रमाणे ९०० मिलिग्रॅम. ते शरीरातल्या साधारण १५ लिटर पाण्यात पसरतं, म्हणजे शिखर ६०. मूत्रपिंड चांगलं असेल तर दोन-दोन तासांनी निम्मं. जंतूची रेष ४ धरली तर आठ तासांत औषध तिच्याखाली जातं आणि पुढचे सोळा तास खालीच राहतं. अमॉक्सिसिलिनच्या हिशेबानं हे साफ अपयश, तरी रोगी बरा होतो.

कारण हे औषध जंतूच्या आत शिरून प्रथिनांचा कारखाना बिघडवतं. चुकीची प्रथिनं जंतूच्या पडद्यात बसतात, पडदा गळू लागतो, आणखी औषध आत जातं. जितका मोठा पहिला लोंढा तितकी मोठी पडझड. शिखर रेषेच्या आठ-दहा पट असावं असं मानतात. इथं ते पंधरा पट आहे. औषध उतरल्यावरही उरलेले जंतू काही तास डोकं वर काढत नाहीत. उलट सतत थोडंथोडं औषध राहिलं तर ते त्याला आत घेणंच कमी करतात. मधली रिकामी वेळ ही सवय मोडते.

तेच ९०० तीन भागांत दिलं तर? प्रत्येक वेळी शिखर २०, म्हणजे रेषेच्या पाचच पट. आणि गंमत मूत्रपिंडाची. तिथल्या पेशी हे औषध ओढून साठवतात, पण त्यांचा ओढण्याचा वेग ठरावीक मर्यादेपुढे वाढत नाही. एकदम लोंढा आला तर बराच भाग लघवीतून निघून जातो. दिवसभर थोडंथोडं मिळालं तर त्या निवांत भरत बसतात. म्हणून पूर्वी दिवसातून दोन-तीनदा दिलं जाणारं हे औषध आता बहुधा एकदाच देतात. मारही जास्त, इजाही कमी.

मूत्रपिंड आधीच थकलेलं असेल तर हे गणित मोडतं. निम्मं व्हायला दोनाऐवजी दहा-बारा तास लागतात आणि पुढच्या डोसपर्यंत पिंप रिकामं होत नाही. म्हणून दर दोन-तीन दिवसांनी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, आणि सोय असेल तर पुढच्या डोसआधी रक्तातलं उरलेलं औषध मोजायचं. ते वर दिसलं तर मात्रा कापण्यापेक्षा दोन डोसांतलं अंतर वाढवायचं, कारण शिखर हवंच आहे. कानात गुणगुण किंवा तोल जाणं सुरू झालं तर औषधच बदलावं लागतं. कानाची इजा बहुतेकदा परत भरून येत नाही.

पिंप पुन्हापुन्हा भरण्यापेक्षा नळ बारीक सोडून ठेवला तर? अतिदक्षता विभागात मेरोपेनेम तसंच देतात. ते अर्ध्या तासात न सोडता तीन तास सावकाश सोडलं, की तेवढ्याच मात्रेत रेषेच्या वरचा वेळ वाढतो. चोवीस तास का नाही सोडत, असं विद्यार्थी विचारतात. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात त्याचं उत्तर सोपं होतं: कालवलेलं मेरोपेनेम गरम खोलीत काही तासांतच विघटित होऊ लागतं. बाटली लटकत राहील, तिच्यातलं औषध कमी होत जाईल.

मामांना हे सगळं सांगितलं नाही. पिंपाचं सांगितलं, आणि पू साचलेला असेल तर तो काढल्याशिवाय गोळी पोचणार नाही म्हणून आधी दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दुपारच्या गोळीचा प्रश्न मामींनी सोडवला. शेंगाचटणीच्या पुडीबरोबर ती डब्यात ठेवायला लागल्या. ही गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेतली तर पोटालाही बरी.