ब्रश्ड, ॲनोडाइज्ड, क्रोम, मॅट ब्लॅक : ही चार नावं आली कुठून

रेंडरच्या, म्हणजे संगणकावर वस्तूचं खरं वाटेल असं चित्र बनवण्याच्या, कामात मागणी बहुतेक वेळा एवढीच येते : ‘बॉडी मेटल फिनिशमध्ये दाखवा.’ काही वर्षांपूर्वी एका ॲम्प्लिफायरच्या चित्राचं काम आलं, तेव्हाही कागदावर तेवढंच लिहिलेलं होतं. मी करडा रंग घेतला, थोडी चमक दिली आणि पाठवलं. उत्तर आलं, ‘हे प्लास्टिक वाटतंय.’ पुढच्या खेपेला चमक वाढवली, तर म्हणाले, ‘आता चांदीचा मुलामा दिल्यासारखं दिसतंय.’ राग आला, पण दोन्ही शेरे खरे होते. मी धातूला रंग आणि चमक यांतच पकडू पाहत होतो. धातूच्या पृष्ठभागावर कारखान्यात काय केलंय, हे मला ठाऊकच नव्हतं.

ब्रश्ड, ॲनोडाइज्ड आणि क्रोम ही मुळात कारखान्यातल्या क्रियांची नावं आहेत. मॅट ब्लॅक मात्र दिसण्याचं नाव आहे आणि त्यामागे तीन-चार वेगळ्या क्रिया असू शकतात.

यांतलं ॲनोडायझिंग समुद्रामुळे आलं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरालुमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग खाऱ्या पाण्याने खराब होत, म्हणून १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये बेंगो आणि स्टुअर्ट यांनी क्रोमिक आम्लातली प्रक्रिया काढली. चारेक वर्षांत सल्फ्युरिक आम्लाची पद्धत आली आणि आज मोबाइल, लॅपटॉप, स्पीकर यांच्यासाठी प्रामुख्याने तीच वापरतात. ॲल्युमिनियमचा भाग आम्लाच्या टाकीत सोडायचा आणि त्यालाच ॲनोड, म्हणजे विजेचं धन टोक, करून वीज द्यायची. धातूच्या अंगातूनच ऑक्साइडचा थर तयार होतो. शोभेच्या कामात तो साधारण ५ ते २५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहून बराच पातळ. थर पारदर्शक असतो आणि त्याला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. भाग रंगाच्या टाकीत बुडवला की रंग छिद्रांत उतरतो, मग उकळत्या पाण्यात छिद्रांची तोंडं मिटवतात. २००४ मध्ये ॲपलचा आयपॉड मिनी पाच रंगांत आला, तेव्हा हा पोत लाखो लोकांच्या खिशात पोचला.

रेंडर करणाऱ्यासाठी यातली कामाची गोष्ट एकच : रंग धातूवर फासलेला नसतो, तो धातूवरच्या पारदर्शक थरात असतो. प्रकाश थरातून आत जातो, ॲल्युमिनियमवर आपटतो आणि त्याच रंगातून पुन्हा बाहेर येतो. म्हणून हिरव्या ॲनोडाइज्ड डबीवरची झळाळी हिरवी असते. हिरव्या ऑइलपेंटच्या डबीवर मात्र ती पांढरी दिसते, कारण तो प्रकाश रंगात न शिरता वरच्या वरच परततो. हातात रंगीत वस्तू आली की खिडकीखाली तिरकी धरून हे पाहता येतं. पेंट की ॲनोडायझिंग, ते बहुतेक वेळा लगेच कळतं.

क्रोमही त्याच दशकातलं. विजेच्या टाकीतून क्रोमचा टिकाऊ मुलामा देण्याची रीत कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांच्या प्रयोगांतून १९२० च्या दशकाच्या मध्यावर व्यवहारात आली, आणि मोटारींच्या बंपरपासून टोस्टरपर्यंत सगळीकडे पसरली. शोभेच्या कामात क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आतच असतो. गुळगुळीतपणा येतो तो त्याखालच्या निकेलच्या जाड थरामुळे आणि त्याआधीच्या बफिंगमुळे. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. क्रोम सगळ्यात उजळ धातू, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात समोरून पडलेल्या प्रकाशापैकी चांगलं ॲल्युमिनियम शंभरातले नव्वदेक टक्के परतवतं, तर क्रोम पंचावन्नच्या आसपास. क्रोम झगझगीत वाटतं कारण तो आरसा आहे : पांढऱ्या खिडकीच्या शेजारी काळी भिंत तो तशीच्या तशी दाखवतो. म्हणून क्रोमचा मूळ रंग शुभ्र ठेवला की चित्रात पारा ओतल्यासारखं होतं, आणि भोवती नुसतं करडं रिकामं अवकाश ठेवलं की क्रोम मेलेलं दिसतं. फोटोग्राफर क्रोमच्या नळाशेजारी काळे पुठ्ठे उभे करतात ते याचसाठी. संगणकावर आसपासच्या दृश्याचं प्रतिबिंब वस्तूवर दाखवायची युक्ती जेम्स ब्लिन आणि मार्टिन न्यूएल यांनी १९७६ मध्ये मांडली. त्याआधी संगणकाच्या चित्रात क्रोम दाखवायला सोपा मार्गच नव्हता.

ब्रश्ड म्हणजे एकाच दिशेने घासलेलं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या हाय-फाय ॲम्प्लिफायरच्या दर्शनी पट्ट्यांनी हा पोत घराघरांत नेला. आपल्या कारखान्यांत त्याला ‘हेअरलाइन’ म्हणतात. घासलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर बोटांचे डाग बसतात, त्यामुळे घासून झाल्यावर बहुधा त्यावर बिनरंगी ॲनोडायझिंग होतं. म्हणजे ‘ब्रश्ड की ॲनोडाइज्ड?’ हा प्रश्न अनेकदा चुकीचाच असतो, कारण एकच पट्टी दोन्ही असते.

त्या ॲम्प्लिफायरच्या कामात वैतागून मी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात गेलो. तिथल्या काकांनी पट्टी हातात घेतली, अंगठ्याने पुसली आणि ट्यूबलाइटखाली हळूहळू कलती केली. म्हणाले, ‘साहेब, आधी दिशा सांगा. ड्रॉइंगवर बाण काढल्याशिवाय मी घासत नाही.’ त्या बाणाला ते ग्रेन म्हणत होते. दिशा बदलली की एकाच पत्र्यातून कापलेल्या दोन पट्ट्या शेजारी ठेवल्यावर एक उजळ आणि एक काळपट दिसते, हे त्यांनी तिथेच दाखवलं.

याचं कारण घरी स्टीलच्या झाकणावरही दिसतं. झाकणावर गोल गोल बारीक रेघा असतात, आणि दिव्याखाली धरलं की मध्यापासून कडेपर्यंत पंख्याच्या पात्यांसारखे दोन उजेडाचे झोत दिसतात. झाकण गोल फिरवलं तरी झोत जागचे हलत नाहीत. रेघेच्या लांबीच्या दिशेने पृष्ठभाग जवळजवळ सपाट असतो, आडव्या दिशेने मात्र खाचाच खाचा. म्हणून प्रकाश रेघेला काटकोनात पसरतो. रेघा गोलाकार असल्या तर झोत त्रिज्येवर येतो. पट्टीवर आडव्या रेघा असल्या तर एका दिव्याची झळाळी उभी लांबट होते.

हे गणितात यायला बराच काळ गेला. युटा विद्यापीठात बुई तुओंग फोंग यांनी १९७० च्या दशकात झळाळीचं जे सूत्र दिलं, ते वापरलेल्या चित्रांत झळाळी सहसा दिव्याच्याच रंगाची ठेवत. त्यामुळे त्या काळची बहुतेक चित्रं प्लास्टिकची दिसतात. माझं पहिलं रेंडर तसं दिसलं त्याचं कारणही तेच. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट कुक यांनी १९८१-८२ मध्ये केनेथ टॉरन्स यांच्यासोबत हा घोळ सोडवला. टॉरन्स मूळचे यंत्र अभियंते. खडबडीत पृष्ठभाग म्हणजे असंख्य सूक्ष्म आरसे, ही मांडणी त्यांनी १९६७ मध्येच स्पॅरो यांच्यासोबत केली होती. कुक यांच्या निबंधात तांब्याच्या रंगाचं प्लास्टिक आणि खरं तांबं यांच्या फुलदाण्यांची चित्रं आहेत. धातूच्या झळाळीला धातूचाच रंग असतो, ही साधी गोष्ट त्यांतून नजरेत भरते.

घासलेल्या धातूचं काम प्रामुख्याने ग्रेग वॉर्ड यांनी पुढे नेलं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ते इमारतींतल्या प्रकाशाचा अभ्यास करत होते. १९९२ मध्ये त्यांनी खरे नमुने मोजून असं सूत्र दिलं, ज्यात दोन दिशांना दोन वेगळे खडबडीतपणे असतात. मोजलेल्या नमुन्यांत हलकं घासलेलं ॲल्युमिनियमही होतं. काकांचा बाण अशा रीतीने समीकरणात आला. २०१२ मध्ये डिस्नेचे ब्रेंट बर्ली यांनी हे सगळं कलाकारांना कळेल अशा मोजक्या सरकपट्ट्यांत बसवलं. आज ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे `Metallic`, `Roughness` आणि `Anisotropic` त्या वाटेने आलेले आहेत.

त्या ॲम्प्लिफायरच्या पट्टीवर मी आधी रेघांचं चित्र चिकटवलं होतं. जवळून बरं दिसायचं, पण कॅमेरा लांब नेला की रेघा लुकलुकायला लागायच्या. रेघा इतक्या बारीक असतात की एका पिक्सेलमध्ये कित्येक मावतात, त्या एकेक काढण्यात अर्थ नसतो. मग `Anisotropic`, म्हणजे दोन दिशांच्या खडबडीतपणातला फरक, वाढवला, पट्टीला सरळ दिशा दिली आणि बटणाला गोलाकार. बटणावर झाकणासारखे दोन झोत उमटले आणि शेरे थांबले. रेघांचं चित्र मी अगदी फिकं करून ठेवलं, फक्त जवळच्या दृश्यासाठी.

आता मॅट ब्लॅक. सत्तरच्या दशकाअखेरीपासून हाय-फायने चंदेरी सोडून काळा रंग धरला. १९९२ मध्ये रिचर्ड सॅपर यांच्या रचनेचा काळा थिंकपॅड ७००सी आला. पण काळ्याच्या खाली काय आहे ते नाव सांगत नाही : काळं ॲनोडायझिंग, पावडर कोटिंग, साधा पेंट की रबरासारखा मऊ लेप? शेवटचा असेल तर वस्तू आठ-दहा वर्षांत चिकट होऊ शकते, कारण त्यातलं पॉलियुरेथेन दमट हवेत विघटित होतं.

इथे ‘मेटल’ हा शब्द रेंडरला सरळ चुकीच्या वाटेला लावतो. वस्तू ॲल्युमिनियमची म्हणून `Metallic` १ ठेवायचा आणि रंग काळा करायचा, ही हमखास होणारी चूक. धातूचा रंग म्हणजेच त्याचं परावर्तन, त्यामुळे काळा धातू म्हणजे काहीच न परतवणारा धातू. चित्रात वस्तूच्या जागी भोक पडल्यासारखं होतं, कोपरे आणि खाचा गायब होतात. खऱ्या काळ्या ॲनोडाइज्ड भागात प्रकाश धातूपर्यंत पोचतच नाही, वाटेतच रंग तो गिळतो. परततो तो मुख्यतः वरच्या ऑक्साइडवरून, समोरून पाहिलं तर शंभरातला पाचेक टक्के, आणि तो दिव्याच्याच रंगाचा असतो. म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात हा भाग धातू नव्हेच. त्या ॲम्प्लिफायरच्या मागच्या बॉडीसाठी शेवटी हे आकडे राहिले :

```json
"pbrMetallicRoughness": {
  "baseColorFactor": [0.03, 0.03, 0.03, 1.0],
  "metallicFactor": 0.0,
  "roughnessFactor": 0.55
}
```

रंग शून्य न ठेवता ०.०३ ठेवला, कारण पूर्ण काळी वस्तू घरात कुठेच नसते. मागच्या कडेला एक लांबट दिवा लावला, कारण तिरक्या कोनात मॅट काळंसुद्धा उजळतं आणि कडेची रेघ तिथूनच मिळते. नंतर एका कोपऱ्यावर अंगठ्याएवढ्या भागात `roughnessFactor` ०.३५ केला. बोटाचं तेल खडबडीत खाचा भरतं आणि तेवढीच जागा चकाकते. ग्राहकाने तो ठसा काढून टाकायला सांगितलं.